पाच, सात, नऊ : पत्रिकेतला प्रेमविवाह

‘लव्ह की अरेंज?’ लग्नाळू मुलामुलींच्या पत्रिका बघणाऱ्या कुठल्याही ज्योतिषाला विचारा, हा प्रश्न त्याला रोजचा आहे. पूर्वी लग्न कधी होईल आणि स्थळ कुठल्या दिशेचं, एवढं विचारून लोक उठायचे. आता आईवडील मुलाला बाहेर बसवून हळूच विचारतात, ‘याचं कुठे काही आहे का हो?’ आणि चार दिवसांनी तोच मुलगा एकटा येऊन विचारतो, ‘घरचे तयार होतील का?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं ज्योतिषी एकाच ठिकाणी शोधतो : पत्रिकेतलं पाचवं, सातवं आणि नववं स्थान.

हे शोधणं चालतं कसं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. निकाल तेवढा ऐकायला मिळतो. म्हणून एक पत्रिका समोर ठेवून ती रीत पायरीपायरीने करून बघू.

आधी चौकट. आपल्याकडे पत्रिका चौकोनात कर्ण काढून मांडतात. वरचं मधलं घर ते पहिलं, म्हणजे लग्नस्थान. तिथून डावीकडे खाली उतरत मोजायचं. अगदी खालचं मधलं घर सातवं. त्याच्या डाव्या अंगाला, जरा वर, पाचवं आणि उजव्या अंगाला, तेवढंच वर, नववं. म्हणजे ही तिन्ही घरं पत्रिकेच्या खालच्या अर्ध्या भागात, सातव्याला मध्ये घेऊन बसलेली दिसतात. इथे एक घोळ नेहमी होतो. घरात लिहिलेला आकडा हा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. वरच्या घरात ११ लिहिलं असेल तर कुंभ लग्न आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि मग खालच्या सातव्या घरात ५ म्हणजे सिंह रास लिहिलेली असते. हा आकडा बघून ‘माझ्या पंचमात अमुक ग्रह आहे’ असं सांगत फिरणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि ती बोलत असतात सप्तमाबद्दल.

आता या घरांकडे काय सोपवलंय ते. सातवं घर जोडीदाराचं, विवाहाचं आणि भागीदारीचं. याबद्दल कुणाचं दुमत नाही. पाचवं घर मुळात विद्या, बुद्धी, संतती आणि पूर्वपुण्याचं. मन कुठे रमतं, कशावर जीव जडतो, हे याच घरावरून बघायचं, म्हणून आजचे ज्योतिषी प्रेमही तिथेच बघतात. नववं घर भाग्याचं, धर्माचं, गुरूंचं आणि वडीलधाऱ्यांचं. घराण्याची रीत, देवाब्राह्मणांसमक्ष झालेलं कार्य, मोठ्यांचा आशीर्वाद हे सगळं नवमात येतं. वडील नवमावरून बघावेत की दशमावरून यावर परंपरांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात अनेक ज्योतिषी दशम धरतात. पण घराण्याची संमती म्हटलं की नवमाकडे सगळेच वळतात.

मग नियम सोपा वाटतो. पाचव्याचा सातव्याशी संबंध आला तर प्रेमविवाह, नवव्याचा सातव्याशी आला तर ठरवून केलेला, आणि तिन्ही एकमेकांत गुंतले तर प्रेमातून जुळलेलं पण घरच्यांनी मांडव घालून दिलेलं लग्न. पुस्तकांतून आणि क्लासमधून हा नियम असाच शिकवतात.

पण हा नियम वाटतो तितका जुना नाही. बृहत्पाराशर, बृहज्जातक, फलदीपिका हे ज्योतिषाचे आधारग्रंथ सप्तमाबद्दल भरपूर बोलतात : जोडीदाराचा स्वभाव, रूप, विवाहाचा काळ, वैवाहिक सुख, वियोग. ‘प्रेमविवाह की ठरवलेला’ हा आजचा प्रश्न त्या ग्रंथकारांपुढे या शब्दांत नव्हता. मनुस्मृतीने विवाहाचे आठ प्रकार सांगितले आणि त्यांत परस्परांच्या इच्छेने होणारा गांधर्वविवाह आहे हे खरं, पण तो धर्मशास्त्राचा विषय झाला. पंचमाला प्रणयाचं घर मानण्याची पाश्चात्त्य ज्योतिषाची रीत, आपली जुनी कारकत्वं आणि विसाव्या शतकातल्या कुटुंबांची नवी गरज यांच्या मेळातून हे पाच-सात-नऊचं सूत्र आजच्या रूपात आलं असावं. नियम नवा म्हणून तो चुकीचा ठरत नाही. मात्र ‘ऋषींनी सांगून ठेवलंय’ असं कुणी म्हणालं तर ते जरा बेताने घ्यावं.

संबंध आला म्हणजे काय, हा यातला खरा तांत्रिक भाग. प्रत्येक राशीचा एक स्वामी ग्रह असतो. पाचव्या घरातल्या राशीचा स्वामी तो पंचमेश, सातव्याचा सप्तमेश, नवव्याचा नवमेश किंवा भाग्येश. दोन घरांचा संबंध मुख्यतः या मालकांवरून ठरतो. पंचमेश सप्तमात जाऊन बसला, किंवा सप्तमेश पंचमात आला, तर संबंध झाला. दोघंही एकमेकांच्या घरात असतील तर तो अन्योन्ययोग, सगळ्यांत घट्ट. दोघं एकाच घरात एकत्र असले तर युती. समोरासमोर असले तर एकमेकांवर पूर्ण दृष्टी. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या घराकडे बघतोच. शिवाय मंगळ चौथ्या आणि आठव्याकडे, गुरू पाचव्या आणि नवव्याकडे, शनी तिसऱ्या आणि दहाव्याकडे बघतो. शनीची नजर पडली तर उशीर आणि अडथळा, गुरूची पडली तर संमती आणि शुभत्व, हा सर्वसाधारण संकेत. त्यात शुक्र हा विवाहाचा आणि आकर्षणाचा कारक म्हणून वेगळा पाहतात, आणि राहू चाकोरी मोडणारा म्हणून.

आता पत्रिका. १ जानेवारी २००० रोजी सकाळी ११ वाजता मुंबईत एक मूल जन्माला आलं असं धरू. मूल कल्पनेतलं आहे, पण त्या दिवसाचं आकाश खरं आहे. त्या वेळी कुंभ लग्न उदित होतं, साधारण १७ अंश ४४ कला. वरच्या घरात ११ लिहा आणि तिथे मंगळ बसवा. तिसऱ्या घरात मेष रास, तिथे गुरू आणि वक्री शनी. सहाव्यात कर्केचा राहू, बाराव्यात मकरेचा केतू. नवव्यात तुळेचा चंद्र, दहाव्यात वृश्चिकेचा शुक्र, अकराव्यात धनूचे रवी आणि बुध. झाले नऊ ग्रह.

पंचमात मिथुन रास आहे, तिचा स्वामी बुध. सप्तमात सिंह, तिचा स्वामी रवी. आणि हे दोघं अकराव्या घरात एकत्र आहेत. पंचमेश-सप्तमेश युती, तीही लाभस्थानात, म्हणजे इच्छा पुऱ्या होतात त्या घरात. शिवाय तिथून बुध समोरच्या पाचव्या घराकडे, आपल्याच घराकडे, बघतो आहे. क्लासच्या वहीतला प्रेमविवाहाचा योग याहून स्पष्ट सापडणं कठीण. घाईतला ज्योतिषी इथेच वही मिटतो आणि सांगतो, ‘लव्ह मॅरेज. लिहून घ्या.’

जाणकार मात्र नवमाकडे सरकतो. नवमात तूळ रास, स्वामी शुक्र, आणि शुक्र दहाव्यात आहे. त्याची रवी-बुधाशी ना युती, ना दृष्टी. म्हणजे परंपरेच्या घराचा मालक या जोडीपासून अलिप्त आहे. नवमात चंद्र बसलाय आणि तो षष्ठेश, म्हणजे वादविवादाच्या सहाव्या घराचा मालक. तिसऱ्यातला शनी समोरच नवमाकडे बघतोय, आणि आपल्या तिसऱ्या दृष्टीने पंचमाकडेही. तोही मेषेत, म्हणजे नीचेचा. इथपर्यंत वाचलं तर चित्र कसं दिसतं? मन जडेल, पण घरात विषय निघाला की वाद होईल आणि प्रकरण लांबेल.

पण त्याच तिसऱ्या घरात शनीच्या शेजारी गुरू आहे. त्याच्या तीन दृष्टी मोजा. पाचवी सप्तमावर, सातवी नवमावर, नववी अकराव्या घरावर, जिथे आपली जोडी बसली आहे. या पत्रिकेत गुरू दुसऱ्या घराचा, म्हणजे कुटुंबस्थानाचा मालक आहे आणि अकराव्याचाही. म्हणजे रवी-बुध ज्या घरात राहतात त्या घराचा धनीच गुरू. जोडीदाराचं घर, वडीलधाऱ्यांचं घर आणि प्रेमाची जोडी, तिन्हींवर कुटुंबाच्या मालकाची नजर आहे. म्हणून या पत्रिकेचा निष्कर्ष ‘लव्ह’ असा एका शब्दात संपत नाही. स्वतः निवडलेला जोडीदार, घरून आधी नकार किंवा चालढकल, शेवटी घरच्यांच्याच हातून लागलेलं लग्न, असं ती सांगते. गुरू तिथे नसता आणि शनी एकटाच असता, तर हाच ज्योतिषी नोंदणी विवाहाची शक्यता बोलून दाखवता.

आता त्याच दिवशी त्याच शहरात दीड तासाने, दुपारी साडेबाराला, दुसरं मूल जन्मलं असं समजा. ग्रह त्याच राशींत आहेत, पण लग्न मीन झालं आणि सगळी घरं एकेक सरकली. आता पंचमात कर्क रास आणि त्यात राहू. पंचमेश चंद्र आठव्यात, अडचणीच्या घरात. सप्तमेश आता बुध झाला, आणि तो दहाव्यात आहे. चंद्राशी त्याचा कुठलाच संबंध येत नाही. पाच आणि सात यांच्यातला धागा तुटला. उलट लग्नेश गुरू दुसऱ्या, कुटुंबाच्या घरात बसून आपल्या नवव्या दृष्टीने बुधाकडे बघतो आहे, आणि विवाहाचा कारक शुक्र चक्क नवमात आहे. या मुलाबद्दल ज्योतिषी म्हणेल : कॉलेजात काहीतरी होईल आणि मोडेल, लग्न मात्र घरच्यांनी आणलेल्या स्थळाशी. दोन्ही मुलं एकाच रुग्णालयात, एकाच दिवशी जन्मली असतील आणि त्यांची राशीभविष्यं आयुष्यभर एकच वाचली जातील. वर्तमानपत्रातलं राशीभविष्य ज्योतिषी स्वतः का वाचत नाहीत, ते यावरून कळेल.

पत्रिकेत योग दिसला की काळ बघायचा. तो महादशेवरून. पहिल्या मुलाचा चंद्र स्वाती नक्षत्रात, तुळेच्या सोळाव्या अंशाच्या आसपास आहे. स्वातीचा स्वामी राहू, म्हणून जन्मताच राहूची महादशा चालू होती आणि तिची पाच वर्षं आणि थोडे दिवस शिल्लक होते. २००५ च्या सुरुवातीला ती संपून गुरूची १६ वर्षं लागली, आणि २०२१ च्या सुरुवातीपासून शनीची १९. शनीत पहिली अंतर्दशा शनीचीच, साधारण २०२४ च्या सुरुवातीपर्यंत. पुढे २०२६ च्या अखेरपर्यंत बुधाची. बुध हा पंचमेश, सप्तमेशाच्या सोबतचा, तेव्हा मन जडण्याचा काळ हाच. त्यानंतर वर्षभराची केतूची अंतर्दशा, जिच्यात बोलणी अडतात असं सांगतील, आणि २०२७ च्या अखेरीपासून तीन वर्षं शुक्राची. शुक्र विवाहाचा कारक आणि नवमाचा मालक, म्हणून अक्षता तेव्हा पडतील असा हिशेब निघतो. दुसऱ्या मुलाचं दशांचं वेळापत्रक जवळपास हेच, कारण दशा चंद्रावरून मोजतात. पण तिथे बुध सप्तमेश आणि चौथ्या घराचा, म्हणजे घरदाराचा मालक आहे. तेव्हा त्याच बुधाच्या अंतर्दशेत त्याचं थेट लग्नच ठरू शकतं.

नवमांश कुंडली ही पुढची चाळणी. प्रत्येक राशीचे नऊ भाग करून ग्रह पुन्हा मांडतात आणि विवाहाच्या बाबतीत जन्मकुंडलीत दिसलेलं तिथे तपासून घेतात. आपल्या पहिल्या पत्रिकेत रवी नवमांशात सिंहेत येतो आणि बुध मिथुनेत. दोघंही स्वतःच्या राशीत, म्हणजे प्रेमाचा योग पक्का झाला. शुक्र मात्र कन्येत, म्हणजे नीचेचा. निवड ठाम असेल पण सुखासाठी झटावं लागेल, असं ज्योतिषी म्हणेल. अडचण पुढेच आहे. नवमांशाचं लग्न दर बारा-तेरा मिनिटांनी बदलतं. ११ वाजताचा जन्म धरला तर ते मीन येतं आणि तो नीचेचा शुक्र थेट त्याच्या सप्तमात पडतो. जन्म खरा १० वाजून ५५ मिनिटांनी झाला असेल, तर नवमांश लग्न कुंभ होतं आणि शुक्र आठव्यात जातो. प्रसूतिगृहातल्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं का, हे कोण सांगणार? जन्मवेळ म्हणजे डोकं बाहेर आलं ती, पहिलं रडू फुटलं ती, की नाळ कापली ती, यावरही एकमत नाही. कार्डावर ‘११.००’ असा गोल आकडा असेल तर तो बहुधा कुणीतरी गोल केलेलाच असतो. अशा वेळेवर नवमांशातलं बारीकसारीक फळ सांगणारा ज्योतिषी फारच धीराचा म्हणायचा.

इथवर सगळं शास्त्राच्या आतून बघितलं. आता थोडं बाहेर येऊन हिशेब करू, कारण माझ्या मते या विषयातली खरी गोम तिथे आहे.

पंचमेश आणि सप्तमेश हे दोन ग्रह. प्रत्येकाला बसायला बारा घरं, म्हणजे दोघांच्या मिळून १४४ जागा. त्यांपैकी किती जागांवर ‘प्रेमविवाहाचा योग’ होतो? पंचमेश सप्तमात, सप्तमेश पंचमात, दोघं एकत्र, किंवा दोघं समोरासमोर. कागदावर मांडून, दोनदा मोजल्या गेलेल्या जागा वजा केल्या, की ४३ उरतात. म्हणजे शंभरातल्या तीस पत्रिकांत हा योग नुसता जन्माला येऊनच मिळतो. त्यात ‘शुक्र पाचव्यात किंवा सातव्यात’ आणि ‘राहू पाचव्यात किंवा सातव्यात’ हे दोन लोकप्रिय नियम जोडले की प्रमाण सुमारे निम्म्यावर जातं. मंगळ-शुक्र युती, चंद्र-शुक्र युती, लग्नेशाचा संबंध, चंद्रापासूनचं पाचवं-सातवं असं मोजत गेलं, तर प्रेमविवाहाची एकही खूण नसलेली पत्रिका शोधावी लागेल. आणि नवमाचा संबंध याच पद्धतीने मोजला, तर ठरवून केलेल्या लग्नाची खूणही जवळजवळ प्रत्येकात सापडेल. लग्न झाल्यावर पत्रिका दाखवली की ज्योतिषाला ‘बघा, दिसतंच आहे’ असं म्हणता येतं ते यामुळे. तो खोटं बोलत नसतो. खूण खरंच तिथे असते. दुसरी खूणही असते, तिच्याकडे आता कुणी बघत नाही.

हा ढोबळ हिशेब झाला. यात एक अपवाद आहे आणि तो आपल्या नमुन्यातलाच आहे. पृथ्वीवरून बघताना बुध सूर्यापासून २८ अंशांहून अधिक दूर कधी दिसत नाही. त्यामुळे हे दोघं वर्षातला जवळपास निम्मा काळ एकाच राशीत असतात. कुंभ लग्नाला पंचमेश बुध आणि सप्तमेश रवी. म्हणजे कुंभ लग्नाच्या सुमारे निम्म्या लोकांच्या पत्रिकेत पंचमेश-सप्तमेश युती असणारच, खगोलाच्या नियमानेच. आपल्या मुलाचा तो ‘वहीतला’ योग डिसेंबर १९९९ च्या अखेरीपासून २००० च्या संक्रांतीपर्यंत, रोज साधारण पावणेदोन तास, कुंभ लग्नावर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला मिळाला आहे. मेष लग्नालाही थोडं असंच. तिथे रवी आणि शुक्र हे पाच-सातचे मालक, आणि शुक्र सूर्यापासून ४७-४८ अंशांच्या पुढे जात नाही. उलट कर्क लग्नाला मंगळ आणि शनी मालक. त्यांच्यावर असं बंधन नाही, त्यांची युती दोन वर्षांतून एकदा, काही आठवडे. त्यामुळे कर्क लग्नाच्या पत्रिकेत ती दिसली तर तिला वजन द्यावं आणि कुंभेच्या पत्रिकेत दिसली तर फार हुरळू नये, एवढा विवेक शास्त्र मानणाऱ्यानेही ठेवायला हवा. चांगले ज्योतिषी तो ठेवतात. संगणकावर छापून येणारी पंचवीस पानी पत्रिका ठेवत नाही. ती प्रत्येक लग्नाला एकच वाक्य छापते.

गंमत अशी की ठरवून लग्न करताना ही तीन घरं कुणी बघतच नाही. स्थळ आलं की आधी ३६ पैकी किती गुण जुळतात ते बघतात, १८ च्या वर असले की पुढे सरकतात. हे गुण वधूवरांच्या चंद्राच्या नक्षत्रांवरून आणि राशींवरून येतात. पंचम, सप्तम, नवम यांचा त्यात उल्लेखही नाही. आपली दोन्ही मुलं स्वातीची, म्हणून कुठल्याही स्थळाशी दोघांचे गुण सारखेच जुळतील, पत्रिका मात्र एकीकडे प्रेमविवाह आणि दुसरीकडे ठरवलेला सांगत होत्या. त्यानंतर बघतात मंगळ. पहिल्याच्या लग्नात मंगळ आहे, म्हणजे रूढ भाषेत ‘मंगळाची पत्रिका’. त्याला अपवाद काढता येतात, पण बायोडेटा चाळणारी माणसं अपवादापर्यंत पोचत नाहीत. पुष्कळ स्थळं तिथेच परत जातील. दोन-तीन वर्षं असं झालं आणि तोवर ऑफिसमध्ये कुणी आवडलं, तर प्रेमविवाह पंचमाने घडवला की मंगळाला घाबरणाऱ्या वधूवर सूचक मंडळांनी?

ज्योतिषाची कसोटी घेण्याचा एक गाजलेला प्रयत्न पुण्यातच झाला. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, १०० हुशार आणि १०० मतिमंद. त्यांतल्या ४०-४० पत्रिका ज्योतिषांकडे धाडल्या आणि कोणती कोणाची एवढंच ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळाली असती त्याहून काहीशी कमीच. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती चाचणी बुद्धिमत्तेची होती, विवाहाची नव्हे, त्यामुळे ती इथे जशीच्या तशी चिकटवता येणार नाही. पण प्रश्नाची जात तीच : दोनांपैकी एक ओळखा. प्रेमविवाहाच्या बाबतीत अशी चाचणी घरच्या घरी करणं सोपं आहे. नात्यातल्या वीस जोडप्यांपैकी एकेकाच्या जन्मवेळा नावं झाकून द्या, दहा प्रेमविवाहवाले आणि दहा ठरवून केलेले, आणि तुमच्या विश्वासातल्या ज्योतिषाला दोन ढीग करायला सांगा. ज्याला आपल्या विद्येची खात्री आहे त्याला हे अपमानास्पद वाटायचं कारण नाही.

हे न करताही लोक पत्रिका दाखवायला जाणारच, त्यात गैर काही नाही. जाताना रुग्णालयाच्या कार्डावरची वेळ न्या, आजीच्या आठवणीतली नको. ‘प्रेमविवाह आहे’ असं सांगितलं, तर कोणत्या योगावरून ते विचारा, आणि त्याच पत्रिकेत उलट सांगणारं काय आहे तेही विचारा. नुसत्या पंचमावर थांबलेला ज्योतिषी आणि नवमापर्यंत जाऊन शनी-गुरू तोलणारा ज्योतिषी यांतला फरक दहा मिनिटांत कळतो. ‘प्रेमविवाहाचा दोष’ म्हणून शांत सुचवली तर उठून यावं. शास्त्रात असा दोषच नाही, पंचम-सप्तमाचा संबंध हा शुभ योगांत मोजला जातो.

आणि आईवडिलांना एक सांगणं. मुलाने किंवा मुलीने कुणाचं नाव घरात काढलं असेल, तर त्या माणसाला भेटा, त्याची नोकरी, स्वभाव, व्यसनं, घरची माणसं बघा. ‘नवमावर शनीची दृष्टी आहे, हे लग्न मानवणार नाही’ या कारणाने जुळलेलं मोडू नका. शनीच्या दृष्टीचा अर्थ ज्योतिषशास्त्रातही उशीर असा आहे, नकार असा नाही.